छत्तीस मिनिटांचा गजर

वडशाला राहून आसपासच्या तालुक्यांतल्या दुकानदारांचे हिशेब लिहिणं हा माझा धंदा. पैशाबरोबर वेळेचाही हिशेब लिहायची सवय त्यातूनच लागली. एकटा दुकान हाकणारा माणूस रोवणीच्या दिवसांत हमखास विचारतो, पोरगा ठेवू का? त्यावर मी विचारतो, ठेवाल, पण काम कोणतं द्याल? तिथे बहुतेक जण अडतात.

कुरखेड्यात एकाचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं, उधारी, गाडी उतरवून घेणं, सगळं तेच बघतात. "माझा सारा टाइम उधारीच्या वहीतच जाते, साहेब," असं ते छातीठोक सांगत. अशा उत्तरावर मी विसंबत नाही. माणसाला लक्षात राहतो तो त्रास, आणि तो वेळ म्हणून सांगितला जातो.

पण जुलैत गल्ल्यावर बसलेल्या माणसाने दर कामाची वेळ लिहावी म्हटलं, तर तो पहिल्याच दुपारी वही फेकून देईल. म्हणून मी टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाची युक्ती वापरतो. कापड गिरणीत यंत्रापाशी घड्याळ लावून बसण्याऐवजी तो अधूनमधून नजर टाकायचा आणि त्या क्षणी काय चाललंय तेवढंच टिपायचा. पुरेशा नोंदी झाल्या की वेळेची वाटणी आपोआप दिसते. आम्ही मोबाइलवर ३६ मिनिटांचा गजर लावला. अर्ध्या तासाचा मुद्दाम लावला नाही. एसटी, चहा, सगळं घड्याळाच्या ठोक्यावर येतं आणि तेच ते कागदावर उतरतं. गजर वाजला की कॅलेंडरच्या मागे एकच अक्षर: खत विकताना मशीनवर घ्यायच्या अंगठ्याला अ, उधारीला उ, सल्ल्याला स, गाडीला ग, असं प्रत्येक कामाला एक. बारा तासांच्या दिवसात २० अक्षरं, सहा दिवसांची १२०. रात्री आठवून भरलेली अक्षरं मी मोजत नाही. ती एका शाईत, सरळ रेषेत येतात, लगेच ओळखू येतात.

१२० पैकी अ निघाले ३८, स २१ आणि उ १७. म्हणजे बहात्तर तासांतले जवळपास तेवीस तास अंगठ्यात! २०१८ पासून अनुदानाचं खत पॉस मशीनवर गिऱ्हाइकाची ओळख पटवूनच विकता येतं, आणि ती इथे आधारच्या अंगठ्याने पटवली जाते. रोवणी सोडून थेट दुकानात आलेल्या बाईची बोटं चिखलपाण्याने सुरकुतलेली असतात, ठसा उमटत नाही. हात पुसा, दुसरं बोट लावा, तेवढ्यात नेटवर्क जातं. ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यापायी हा सगळा खटाटोप, आणि पोत्यामागे सुटतात थोडेच रुपये. दोन-तीनदाच आलेल्या अक्षरांवरून मात्र मी काही ठरवत नाही. इतक्या कमी नोंदींत तो योगायोगही असू शकतो.

मग जास्त वेळ खाणारं काम आधी सोडायचं का? तेवढ्यावर मी थांबत नाही. प्रत्येक अक्षरापुढे एक प्रश्न लिहितो: यात चूक झाली तर ती कधी कळेल?

अंगठ्याची चूक त्याच संध्याकाळी कळते. मशीनमधला शिल्लक साठा आणि गोदामातली पोती जुळवली की झालं. उधारीची चूक धान विकून झाल्यावर उघडी पडते, तोवर पैसे गेलेले असतात. सल्ल्याचं आणखी अवघड. शेतकरी धानाचा बिघडलेला पोंगा घेऊन येतो; तो खोडकिड्याचा की गादमाशीचा, हे नव्या पोराला उमगणार नाही, आणि चुकीचं औषध गेल्याचं बांधीत दिसायला पंधरवडा जातो. शिवाय औषधं विकणाऱ्याला ठरावीक शिक्षण लागतं. मालकांनी त्यासाठी 'देसी' हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम केलाय; पोराने नाही.

तेव्हा पहिलं सुटणारं काम अंगठ्याचं ठरलं. दुसरं गाडी उतरवताना पोती मोजण्याचं; तीही चूक गाडी दारात असतानाच कळते. उधारीच्या वहीचं काम दोघांत वाटलं: कुणाला किती द्यायचं ते मालकच ठरवणार, दिलेलं लिहून काढणार घरच्या बाई. वहीचा त्रास होता तो लिहिण्याचा, ठरवण्याचा नव्हता.

पण जुलैत हे कागदावरच राहिलं. पोराला शिकवायला जो वेळ लागतो, तोच नेमका रोवणीत नसतो. मोजणी हंगामात करावी लागते आणि काम हाती द्यायचं ते उन्हाळ्यात. मे महिन्यात गोदामात थोडाच माल असतो आणि गिऱ्हाईक तुरळक, तेव्हा पोराला मशीनवर बसवायचं. रोज संध्याकाळी मालकांनी पोती मोजायची, मशीनचा आकडा पोराने वाचायचा. ओळीने आठवडाभर दोन्ही जुळले, की मालकांनी मोजायला जायचं ते एक दिवसाआड.