आधी काटा, आता गॅप

गुडघ्याच्या फिल्मवर हाडाचा काटा, म्हणजे ऑस्टिओफाइट, दिसला की ‘झीज’ लिहून मी मोकळा व्हायचो. बारामती-इंदापूर भागात या सवयीला आकड्यांचाही आधार आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी गावपातळीवर सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिच्यात ५.८ टक्के प्रौढांना झिजेचा संधिवात आढळला. ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे लोक ज्याला आमवात म्हणतात तो, साधारण अर्धा टक्का. एकास दहाच्या आसपास. मग पैज झिजेवरच लावायची ना?

मत फिरलं ते पन्नाशीच्या एका शेतमजूर बाईंच्या फिल्ममुळे. दोन्ही गुडघे दुखत होते, फिल्म उभं राहून काढलेली, कडेला बारीक काटे. पण हाडांमधला गॅप आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना सारखाच कमी. झिजेत असं सहसा होत नाही. भार जिथे जास्त पडतो तिथली कूर्चा आधी जाते, बहुधा आतली. तिथलं हाड पांढरं, घट्ट दिसतं आणि काटे ठसठशीत येतात. आमवातात सुजलेलं अस्तर सगळीकडूनच कूर्चा खातं. काटे नंतर, बिघडलेल्या सांध्यावर, चढतात. म्हणजे काटा आमवाताला खोटं पाडत नाही.

मग दोन्ही हातांची फिल्म मागवली. बोटांच्या टोकाकडचे सांधे, जिथे झीज हटकून दिसते, ते स्वच्छ. अंगठ्याचं मूळही ठीक. दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या मुळाशी मात्र गॅप एकसारखा कमी, आसपासचं हाड विरळ, आणि सांध्याच्या अगदी काठावर उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे. त्या काठाला कूर्चेचं पांघरूण नसतं, म्हणून अस्तर तिथे आधी पोचतं. मनगटातही तेच. आमवात, आणि गुडघ्यात त्यावर चढलेली झीज.

खड्डा म्हणजे आमवात, असंही आता मी धरत नाही. झिजेच्या एका प्रकारातही हाड खचतं, पण सांध्याच्या मधोमध, आणि बहुधा टोकाकडच्या सांध्यांत. म्हणून आधी गॅप कुठे आणि कसा कमी झालाय ते पाहतो, मग खड्ड्याची जागा, काटा शेवटी. आडवं झोपवून काढलेल्या गुडघ्याच्या फिल्मवर गॅपबद्दल बोलतच नाही. भार नसला की तो फसवा रुंद दिसतो. अशी फिल्म आली की उभ्याने परत काढायला सांगतो, आणि तंत्रज्ञ कुरकुरतात.

सुरुवातीच्या आमवातात हाताची फिल्म चक्क निर्दोष असू शकते. सकाळी तासभर बोटं आखडतात, मुठीचे सांधे सुजलेत असं चिठ्ठीत असेल, तर ‘नॉर्मल’च्या खाली मी आणखी एक ओळ लिहितो : या फिल्मने आमवात नाकारता येत नाही, रक्ततपासणी करावी.