आठपैकी आठ

चौथीच्या वर्गात मी मराठी शिकवते. शाळा उर्दू माध्यमाची. त्यामुळे माझी मुलं एकाच दिवसात उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे, असं दोन्हीकडून लिहितात. हस्ताक्षराला गुण देण्याची वेळ आली की ही गोष्ट आम्ही मोठी माणसं विसरतो. मीही विसरले होते.

मागे एकदा मी हस्ताक्षराचा तक्ता केला. चार रकाने: अक्षराचं वळण, अंतर, आकार आणि वेग. पाच ओळींचा उतारा फळ्यावर, वेळ पाच मिनिटं. प्रत्येक ओळीला प्रत्येक रकान्यात एक गुण, म्हणजे एकूण वीस. तक्ता दिसायला अगदी नीटस होता. मुख्याध्यापकांनाही आवडला.

त्या तक्त्यात एका मुलीला वीसपैकी आठ पडले. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने पाचही ओळी कशाबशा संपवल्या होत्या, त्याला तेरा. वही परत घेताना ती काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत मात्र जवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, जल्दी लिखूं तो गंदा होता, अच्छा लिखूं तो रह जाता. क्या करूं?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी वही पुन्हा उघडली. तिने पाच मिनिटांत दोन ओळी लिहिल्या होत्या. दोन ओळींना चार रकान्यांत मिळून जास्तीत जास्त गुण किती? आठ. म्हणजे तिने जेवढं लिहिलं होतं त्यातला एकही गुण मी कापू शकले नव्हते. आठपैकी आठ मिळवणाऱ्या मुलीच्या वहीवर मी 'वीसपैकी आठ' लिहिलं होतं. तीन ओळी राहिल्या हा एकच दोष, पण तो मी वेगात मोजला, वळणात मोजला, अंतरात मोजला आणि आकारातही मोजला. एका गुन्ह्याला चार शिक्षा.

त्या रात्री मला लहानपणीचे खुशखतीचे धडे आठवले. नस्तालीक लिहिताना अक्षराचं माप 'कत'मध्ये घेतात. कत म्हणजे कलमाचं टोक कागदावर टेकवून उमटणारा तिरका चौकोनी ठिपका. अलिफ तीन कतांचा. कलम जाड असेल तर कतही मोठा आणि अलिफही मोठा. कलम बारीक तर दोन्ही लहान. माप बाहेरून आणायचं नाही, ज्याच्या हातात कलम आहे त्याच्याच कलमाने मोजायचं. मी माझ्या वर्गात नेमकं उलट करत होते.

मग तक्ता बदलला. पहिला नियम असा केला, की लिहिलंय तेवढंच तपासायचं आणि सगळ्यांचं सारखंच तपासायचं. उताऱ्याऐवजी एकच वाक्य घेतलं: 'नानीने विहिरीवरून पाणी आणले आणि झाडाला घातले.' काना-मात्रा-वेलांटीसह एक अक्षर धरलं तर यात बावीस अक्षरं, सात शब्द आणि शब्दांमधल्या सहा जागा. हे एक वाक्य हळू लिहिणारं मूलही पूर्ण करतं. भराभर लिहिणाऱ्याने तीनदा लिहिलं तरी वळण, अंतर आणि आकार यांसाठी पहिलंच वाक्य बघायचं.

वळण तपासायला मी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला एका अक्षराएवढी खिडकी कापली. ती वाक्यावरून सरकवत जायचं आणि एकेक अक्षर सुटं वाचायचं. अख्खा शब्द समोर असला की आपलं डोकं अंदाजाने अक्षर भरून काढतं, खिडकीत ते जमत नाही. त्या मुलीच्या ज्या अक्षरांना मी नजरेने पूर्ण गुण दिले होते, त्यांतही खिडकीने दोन दोष दाखवले. 'घातले'तला घ हा ध झाला होता आणि 'झाडाला'तल्या झचा दांडा सुटून इ वेगळी पडली होती. बावीसपैकी वीस. 'अक्षर सुधारा' या शेऱ्यापेक्षा 'घ आणि झ बघ' हा शेरा मुलाला कळतो, कारण त्यात काय करायचं ते आहे.

अंतराचं गणित आमच्या मुलांसाठी जरा वेगळं आहे. उर्दूत अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडत नाहीत. खुद्द 'उर्दू' हा शब्द लिहिला तर चारही अक्षरं सुटी राहतात. शब्दाच्या पोटातही फट असते आणि दोन शब्दांमध्येही, त्यामुळे फट म्हणजे शब्द संपला, ही सवय डोळ्याला नसते. मराठीत हे काम डोक्यावरची रेघ करते. ती तुटली की शब्द संपला. माझ्या वर्गातला एक मुलगा आधी सगळी अक्षरं लिहायचा आणि मग पट्टी ठेवल्यासारखी एकच रेघ ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायचा. अक्षरं सुरेख, पण सात शब्दांचा एक शब्द. त्याला 'अंतर सोड' असं सांगून उपयोग नव्हता. 'शब्द संपला की रेघ दे, मग पुढच्या शब्दाला हात घाल' एवढं सांगितलं आणि आठवड्यात फरक पडला. अंतर किती असावं, तर त्याच्याच हातच्या एका 'न'एवढं. हा त्याचा कत.

आकाराचंही तसंच. अक्षर मोठं की लहान हे मी बघत नाही, बावीस अक्षरं एकमेकांशी जुळतात का ते बघते. उर्दूचं अक्षर खालच्या रेघेचा आधार घेतं, नस्तालीकमध्ये तर शब्द तिरका उतरत तिथे येतो. मराठीचं अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं. मूल मराठीतही खालच्या रेघेवर अक्षर बसवायला गेलं की काही अक्षरं वरपर्यंत पोचत नाहीत आणि डोक्यावरची रेघ चढउतार करू लागते. दुरेघी वहीत 'वरच्या रेघेपासून सुरू कर' हे एकच वाक्य पुरतं.

राहिला वेग. इथे मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं, कारण वेग मोजणं सोपं आहे आणि त्याचा अर्थ लावणं अवघड. मी त्या मुलीला दोन दिवस दोन-दोन मिनिटं लिहायला दिलं. पहिल्या दिवशी तिच्या चालीने, दुसऱ्या दिवशी जमेल तितकं भरभर. पहिल्या दिवशी तेवीस अक्षरं झाली, दुसऱ्या दिवशी सव्वीस. नीट लिहायच्या नादात ती रेंगाळत असती, तर भरभर म्हटल्यावर आकडा चांगलाच वाढला असता. तो जागचा हलला नव्हता. तिला जे मिळत नव्हतं ते घाई करून मिळणारच नव्हतं.

मग मी तिच्या बाकावर शेजारी बसले आणि वहीकडे न बघता तिच्या डोळ्यांकडे बघितलं. ते एक वाक्य उतरवताना तिने सतरा वेळा मान वर करून फळ्याकडे पाहिलं. शेजारच्या मुलाने सात वेळा पाहिलं, प्रत्येक शब्दाला एकदा. ती मात्र 'वि' बघायची, लिहायची, 'हि' बघायची, लिहायची. प्रत्येक वेळी फळ्यावर आपली जागा पुन्हा शोधायची.

तेव्हा मी फळा पुसला आणि तिला म्हटलं, आठवड्याचे वार लिही. मराठी वार तिला पाठ होते. दोन मिनिटांत सोमवार ते रविवार लिहून ती दुसऱ्या फेरीतल्या मंगळवारपर्यंत पोचली. अडतीस अक्षरं. तिचा हात कधीच सुस्त नव्हता. अडत होतं ते मराठीचं वाचन. नजरेला अख्खा शब्द पकडता येत नव्हता, म्हणून हात थांबत होता, आणि मी वाचनातल्या अडचणीचे गुण हस्ताक्षरात कापत होते.

उपायही मग वाचनाचाच केला. शब्द मोठ्याने वाचायचा, हाताने झाकायचा, न बघता अख्खा लिहायचा आणि मग उघडून ताडून पाहायचा. रोज दहा शब्द. सहा आठवड्यांनी तिला बावीस अक्षरांचंच नवं वाक्य दिलं: 'मामाने बाजारातून आंबे आणले आणि सगळ्यांना वाटले.' तिने नऊ वेळा मान वर केली आणि दोन मिनिटांत चौतीस अक्षरं लिहिली. खिडकीतून पाहिल्यावर पहिल्या वाक्यातली वीस अक्षरं स्पष्ट होती, म्हणजे तेवढीच. वेग वाढला आणि अक्षर बिघडलं नाही.

रजिस्टरला वीसपैकी आकडा लागतोच, तो मी असा देते. वळण, अंतर, आकार यांचे पाच-पाच. पहिल्या खेपेला वेग फक्त नोंदवायचा, गुण पंधरापैकीच. पुढच्या खेपेपासून वेगाचे पाच, पण तुलना त्या मुलाच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी. आकडा टिकला किंवा वाढला आणि वळण घसरलं नाही, तर पूर्ण पाच. 'टिकला' हा शब्द मुद्दाम ठेवलाय, नाहीतर आधीच भरभर लिहिणाऱ्यावर अन्याय होतो. हा आकडा मी वर्गात वाचून दाखवत नाही. पानाच्या मागे पेन्सिलने लिहिते, तो मुलाला आणि मला माहीत असतो.

सगळ्याच मुलांचं कारण वाचनात नसतं. पाठ असलेलंही हळू, उर्दूही हळू, असं असेल तर बोटांकडे बघावं लागतं: पेन्सिल किती घट्ट धरली आहे, बाक उंच आहे का, हात दुखतो का. मूल डावखुरं असेल तर वही तिरकी ठेवू द्यावी. जेवण उजव्या हाताने हे घरात शिकवतोच, पण त्यासाठी पेन्सिलीचा हात बदलायचं कारण नाही. एवढं करूनही हात दुखत राहिला तर डॉक्टरांना दाखवायला मी पालकांना सांगते. ते काम तक्त्याचं नाही.

त्या मुलीची जुनी वही मी मागून घेतली होती. 'वीसपैकी आठ' खोडलं आणि शेजारी 'आठपैकी आठ' लिहिलं, तारीख घालून. तिने ते बघितलं, बोटावर दोन ओळी आणि चार रकाने मोजले आणि म्हणाली, "टीचर, सही तो है. पहले क्यों नहीं गिने?"