नऊ वर्षांपैकी किती?

एसएपीच्या कन्सल्टिंगमध्ये जायचं ठरवलं, तेव्हा चाकणच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी स्टोअर्स आणि खरेदी मिळून नऊ वर्षं काढली होती. सीटीसी 7.20 लाख, हातात महिन्याला 53 हजारांच्या आसपास, शिवाय कंपनीची बस आणि कँटीन. कोर्स घेणाऱ्या संस्थेनं एमएम मॉड्यूलला आठ लाख सहज मिळतील असं सांगितलं होतं. पण कन्सल्टंटच्या नोकरीचा पहिलाच फॉर्म भरायला घेतला आणि त्यात दोन रकाने निघाले: टोटल एक्स्पिरिअन्स आणि रिलेव्हंट एक्स्पिरिअन्स. पहिल्यात नऊ लिहिले. दुसऱ्यात काय लिहायचं, यावर सगळा पगार अडलेला होता.

आमच्याकडे रोज एसएपी वापरणारे पुष्कळ होते. `ME21N` मध्ये पीओ करायची, `MIGO` मध्ये माल जमा करायचा. याला एंड यूझर म्हणतात, आणि कन्सल्टिंगवाले या वर्षांना फारसं मोजत नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटतं. तिसऱ्या वर्षापासून मी जे करत होते, तेच आठव्या वर्षीही करत होते. पण कारखान्यात जुनं सॉफ्टवेअर जाऊन एसएपी आलं, त्या काळात मी स्टोअर्सची की यूझर होते. मटेरियल मास्टरमधल्या दुबार नोंदी काढणं, ओपनिंग स्टॉक चढवणं, बाहेरून आलेल्या कन्सल्टंटसोबत यूएटीला बसून कुठे काय अडतंय ते दाखवणं, असं ते जवळपास वर्षभराचं काम. ते मी रिलेव्हंटमध्ये धरलं आणि सीव्हीत वेगळं मांडलं. हाताखालची बारा माणसं, पुरवठादारांकडून कमी करून घेतलेले दर यांचा मला अभिमान आहे, पण मुलाखतीत त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या एका कंपनीच्या मुलाखतीत मात्र पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी जॉबवर्कचा प्रश्न टाकला. ‘‘मॅडम, प्लेटिंगला 1,000 ब्रॅकेट पाठवले, 970 आले. सिस्टिम काय दाखवेल?’’ मी म्हटलं, पाठवताना 541 पडतो, 970 जमा झाले की तेवढेच आपोआप खर्ची पडतात, आणि `MBLB` मध्ये 30 नग प्लेटरकडे दिसतात. त्यातले 18 समजा प्लेटिंग न करताच परत आले, ते 542 नं परत घ्यायचे. उरलेले 12 हरवलेले असतात, पण ते कुणी कबूल करत नाही, म्हणून कागदावर प्लेटरकडे पडून राहतात. जीएसटीत कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागू शकतो, म्हणून वर्ष भरत आलं की स्टोअर्सवाला घायकुतीला येतो. ते हसले. ‘‘हे आम्हाला पोरांना शिकवावं लागतं. सेटिंग तुम्हाला आम्ही शिकवू. तुमची नऊ वर्षं मी तीन धरतो.’’

तीन हा आकडा मला अपमान वाटला नाही. आमच्याच खात्यातला एक मित्र जावा शिकून डेव्हलपर झाला. त्याच्या सात वर्षांचं तिथे शून्य झालं, कारण त्याच्या कामात जॉबवर्कचं चलन कुठे येतच नाही. जुनं काम नव्या कामाच्या आत शिरतं तिथेच त्याचे पैसे मिळतात.

मग एचआरची फेरी. पहिली ऑफर सहा लाखांची, त्यातले दहा टक्के व्हेरिएबल. मी फिक्स्ड 5.40 धरून दोन्ही बाजूंचा पीएफ, ग्रॅच्युइटी, प्रोफेशनल टॅक्स वजा केला; हातात 40 हजार येत होते. वर बस-कँटीन गेल्याचे चारेक हजार. घरी नवऱ्याचा वाटा धरून माझ्याकडून 46 हजार तरी लागत होते, म्हणजे ही ऑफर मला घेताच येत नव्हती. जुन्या सीटीसीवर तीस टक्के मागायचाही प्रश्न नव्हता. तीन वर्षांच्या एमएम कन्सल्टंटला काय मिळतं, ते मी ओळखीतल्या दोघांना आधीच विचारून ठेवलं होतं. त्यावरून 7.20 मागितले आणि सांगितलं, ‘‘तीन वर्षं तुमच्याच पॅनेलनं धरली आहेत.’’

एचआरच्या बाईंची शंका वेगळीच होती. ‘‘कमी पगारावर आलात आणि सहा महिन्यांत जुन्या लाइनला परत गेलात तर?’’ पगार खाली आणणाऱ्याबद्दल ही भीती सगळ्यांनाच असते. म्हणून ‘काहीही चालेल’ म्हणणारा उमेदवार त्यांना स्वस्त वाटण्याऐवजी संशयास्पद वाटतो. मी त्यांना 46 हजारांचा हिशेब सांगितला. त्याच्या वर मिळालं तर मला जायचं कारण उरत नाही, हे त्यांना चटकन समजलं.

6.60 वर जमलं, सगळे फिक्स्ड, हातात 50 हजार. सहा महिन्यांनी कन्फर्मेशन झाल्यावर पगाराचा आढावा घेतला जाईल, ही ओळ ऑफर लेटरमध्ये घालून घेतली. त्यापुढे आकडा लिहायला त्या काही तयार झाल्या नाहीत.