पाडव्याची गाठी

साडेतीन मुहूर्तांवर माझा विश्वास आहे. पण मुहूर्त छापणाऱ्यांवर तितकासा नाही. गेल्या गुढीपाडव्याला सकाळी वर्तमानपत्र उघडले, तर पहिले पान गायब! त्या जागी भली मोठी गुढी, तिच्यावर साखरेची गाठी आणि खाली वाक्य : "आजच बुकिंग करा, मुद्रांक शुल्क व नोंदणी आमच्याकडून!"

कळंबा रस्त्यावरच्या त्या इमारतीत सातशे चौरस फूट कार्पेटचा एक फ्लॅट आम्ही महिन्याभरापूर्वीच पाहून आलो होतो. तेव्हा भाव चौरस फुटाला ६,८०० रुपये होता. पाडव्याच्या ऑफरमध्ये तो ७,२०० झाला होता. कडुनिंबाचा घास तोंडात तसाच ठेवून मी पेन्सिल घेतली.

जुन्या भावाने किंमत ४७ लाख ६० हजार. बांधकाम चालू असल्याने तिच्यावर पाच टक्के जीएसटी, कोल्हापुरात सहा टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ३० हजार. एकूण ५३ लाख १३ हजार ६०० रुपये. नव्या भावाने किंमत ५० लाख ४० हजार आणि वर फक्त जीएसटी. एकूण ५२ लाख ९२ हजार. म्हणजे तीन लाख बत्तीस हजारांच्या भेटीतून आमच्या पदरात पडणार होते एकवीस हजार सहाशे! बाकीचे आमचेच पैसे रेशमी वस्त्रात गुंडाळून आम्हांला परत येत होते.

सौ. पुरणाची वाटी ठेवत म्हणाली, "अहो, फ्लॅट फक्त माझ्या नावावर घेतला तर मुद्रांकात एक टक्का सूट असते ना?"

असते. जुन्या भावावर ती ४७ हजार ६०० होते. ऑफरच्या दुपटीहून अधिक! (तिने हे कोणत्या हेतूने सांगितले, याचा विचार मी अजून करतो आहे.)

संध्याकाळी आम्ही गेलो. पेढा मिळाला, टोपी मिळाली. विक्रेता तरुण फार गोड होता. "आजच अकरा लाख भरा साहेब, मुहूर्त टळतोय. करार काय, पुढच्या महिन्यात करू."

मी म्हटले, "किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारापूर्वी घेता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातच आहे ते. पाच लाखांच्या वर बोलूच नका. आणि तुमच्या जाहिरातीवर महारेराचा क्रमांक कुठे आहे?"

क्रमांक होता, गुढीच्या काठीच्या बुंध्याशी, मुंगीच्या अक्षरांत. शेजारच्या क्यूआर कोडवर सौ.ने मोबाईल धरला. प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख मुळात होती त्याहून दीड वर्षाने पुढे ढकललेली दिसली. विक्रेत्याने आम्हांला तोंडी सांगितली होती ती "येत्या दिवाळीची".

"ती नुसती कागदावरची तारीख हो," तो म्हणाला.

"मग करारात दिवाळीच लिहा," सौ. म्हणाली.

तो आत विचारून येतो म्हणून गेला. आम्ही वीस मिनिटे थांबलो, आणखी एकेक पेढा खाल्ला आणि रंकाळ्यावरून चालत घरी आलो. गुढी उतरवायची राहिली होती.