वहीतला शेरा

जिंतूरच्या शाळेत मराठी शिकवताना दहावीच्या रसग्रहणाच्या वह्या मी वर्षानुवर्षे तपासल्या. खाली शेरे ठरलेले असत : 'छान प्रयत्न', 'आणखी सखोल लिहा', 'भाषिक वैशिष्ट्ये अपुरी'. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे रसग्रहणाचे तीन मुद्दे मुलांना पाठ असतात, तसे ते मलाही होते. मुद्दा दिसला की बरोबरची खूण, नाही दिसला की 'अपुरे'. मुलांनी मुद्द्याखाली नेमकं काय लिहिलंय, याला माझ्या शेऱ्यात जागाच नव्हती.

चूक लक्षात आली ती एका मुलीच्या वहीत. बहिणाबाई चौधरींच्या संसारावरच्या कवितेबद्दल तिने लिहिलं होतं : 'चुलीवर भाकर करताना चटका आधी बसतो आणि भाकर नंतर मिळते. संसाराचंही तसंच आहे, हे कवयित्रीने आपल्या रोजच्या कामातून सांगितलं आहे.' त्यापुढे गाइडमधलं वाक्य : 'कवितेची भाषा साधी, सोपी व ओघवती आहे.' मी खाली लिहिलं, 'छान. आणखी सखोल लिहा.' पुढच्या कवितेवर तिने 'कवीने अतिशय सखोल अर्थ मांडला आहे' असं लिहून आणलं. चटका आणि भाकर यांचा क्रम पकडणारी तिची स्वतःची नजर त्या रसग्रहणात कुठेच नव्हती. पानभर गाइड होतं. यात तिचा दोष नव्हता. सखोल लिहायचं म्हणजे वही उघडून नेमकं काय करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. आणि पहिल्या रसग्रहणात तिचं स्वतःचं वाक्य कोणतं आणि उसनं कोणतं, हेही सांगितलं नव्हतं. 'छान' दोन्हींना सारखंच लागू पडत होतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. समास लाल शाईने भरू लागले : शुद्धलेखन, परिच्छेद, अलंकार, समारोप, सगळं एकदम. मुलं त्यातलं सर्वांत सोपं तेवढं करत. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त होई, विचार होता तिथेच राही. आता मी पहिल्या वाचनात पेन हातात घेत नाही. शुद्धलेखनाच्या चुका फार असतील तर त्यांच्यासाठी वेगळा तास घेते; रसग्रहणाच्या शेऱ्यात त्या मिसळत नाही.

त्याच कवितेवरच्या दुसऱ्या तुकडीच्या वह्यांत मी आणखी एक चूक केली. चटक्याबद्दल चांगलं लिहिणाऱ्यांना पुढची पायरी म्हणून सांगितलं, 'कवयित्री संसाराला पवित्र मानते, हेही लिहा.' सगळ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मी पायरी दिली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात उत्तर दिलं होतं.

त्या मुलीच्या वहीवर मी नंतर पुन्हा शेरा लिहिला : 'चटका आधी आणि भाकर नंतर, हा क्रम तू पकडलास. त्यामुळे चुलीचं उदाहरण संसाराला का लागू पडतं, ते वाचणाऱ्याला कळतं. आता एकच कर. दुसऱ्या कडव्यात देवळाचा कळस आला आहे. चुलीजवळ सुरू झालेली कविता कळसाकडे का गेली असेल? तुला वाटतं ते दोन वाक्यांत लिही आणि गाइडमधल्या वाक्याच्या जागी ठेव.' त्याच तासाला दहा मिनिटं दिली. तिने लिहिलं : 'चूल खाली बसून पेटवायची असते आणि कळस मान वर करून बघायचा असतो. कवयित्रीने एकाच संसारात दोन्ही दाखवलं.' कळसाची ही बाजू मलाही सुचली नव्हती.

हा शेरा 'प्रतिमा छान' इतका मोघम नाही. तिचं वाक्य त्यात आहे आणि त्या वाक्याने काय साधलं तेही आहे. पायरी एकच आहे, कवितेतल्या जागेवर बोट ठेवणारी आहे, पण उत्तर तिचं तिला शोधायचं आहे. मी आता प्रत्येक शेऱ्याची एक परीक्षा घेते : हाच शेरा शेजारच्या वहीत चालेल का? चालत असेल तर मी रसग्रहण नीट वाचलेलं नाही. पायरी बरोबर आहे की नाही, हे मूल मला काही न विचारता लिहायला लागतं का यावरून कळतं.

गुणांचंही मला उशिरा समजलं. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नुसते शेरे मिळाले त्यांचं पुढचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळाले त्यांच्यात तो फायदा दिसला नाही. माझ्या वर्गातही चारपैकी किती मिळाले हे पाहून वही मिटली जायची. गुण द्यावेच लागतात, पण आता ते दुरुस्ती झाल्यावर देते.

साठ वह्यांना असे शेरे एका रात्रीत लिहून होत नाहीत. मी एका आठवड्यात अर्ध्या वर्गाला लिहिते, उरलेल्यांना पुढच्या. मराठीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे : नवा शेरा लिहिण्याआधी त्याच वहीतला आपला मागचा शेरा वाचा आणि मुलाने ती पायरी पुढच्या रसग्रहणात केली आहे का, ते आधी पाहा.