चार्ज देताना

बदलीचा आदेश आला आणि लांजा तालुक्यातली आमची उर्दू शाळा नव्या सरांच्या हवाली करताना आम्ही चार्ज यादीला एक पान जोडले. यादीत कपाटे होती, बाके होती. पण जिथे काम अडते ते तिच्यात नव्हते.

सर, सहीआधी पोषण आहाराचा तांदूळ तोलून घ्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम, म्हणजे 40 मुलांना 4 किलो. नोंदवही आणि गोणी जुळली नाही, तर जाब पुढे तुम्हालाच विचारतील.

यू-डायसचा पासवर्ड दिला आहे, पण ओटीपी आमच्या मोबाइलवर येईल. तालुक्याला जाऊन नंबर बदलून घ्या. बँकेतल्या सहीसाठी व्यवस्थापन समितीचा ठराव लागेल. अध्यक्षांना आधी भेटा.

एक काम बाकी आहे. एका मुलीचे नाव जनरल रजिस्टरात ‘फातेमा’, आधारवर ‘फातिमा’. उर्दूत दोन्ही एकच लिहितात, संगणकाला ते वेगळे. आधार जुळले नाही तर संचमान्यतेच्या मोजणीतून ती सुटू शकते, आणि लहान पटाच्या शाळेत एका मुलामुळेही शिक्षकाचे पद जाऊ शकते. रजिस्टरात खाडाखोड करू नका. जन्मदाखला काढायला लावा, तो रजिस्टराशी जुळत असेल तर आधार दुरुस्त करून घ्यायला पालकांना सांगा.

मुलगी रोज हजर असते. कागदावरही तिची हजेरी लागावी, एवढी अमानत तुमच्याकडे.