आजीची शाल, डांबरगोळ्या आणि मुनिरक्याची गच्ची

मागच्या ऑक्टोबरात आई साताऱ्याहून आमच्या मुनिरक्याच्या घरी आली ती एक लोखंडी ट्रंक घेऊनच. वहिनीचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं होतं, म्हणून बाळंतपण दिल्लीतच करायचं ठरलं. ट्रंकेत दादाच्या लहानपणचे दोन स्वेटर, टोपडी आणि आजीची विटकरी लोकरी शाल. आईने कौतुकाने झाकण उघडलं आणि आमच्या दीड खोलीच्या घरात वीस वर्षांचा डांबरगोळ्यांचा वास भरला. शेजारच्या आंटी दारातूनच म्हणाल्या, ‘‘क्या निकाला है बेटा?’’

तुमच्याकडेही थंडीचे कपडे काढताना असंच होत असेल. आपण ते एकदा झटकतो, जरा नाक मुरडतो आणि घालतो. मीही तेच केलं असतं. पण शाल बाळासाठी होती, म्हणून वहिनीच्या तपासणीच्या वेळी मी सहज डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘वास येत असेल तोवर बाळाजवळ ते कपडे नकोत.’’

कारण असं की काही मुलांमध्ये जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. एरवी ते कळतही नाही. पण अशा बाळाच्या अंगात पांढऱ्या डांबरगोळीतलं नॅप्थलीन गेलं, तर रक्तातल्या लाल पेशी फुटू लागतात आणि कावीळ झपाट्याने वाढू शकते. ते श्वासातून जातं तसं त्वचेतूनही जातं आणि अंगाला तेल लावलेलं असेल तर अधिक सहज जातं. आपल्याकडे तर बाळाला मालिश करून लगेच शालीत गुंडाळायची पद्धत! आईचा चेहरा उतरला. ‘‘अगं, तुम्हा दोघांना मी तसंच गुंडाळलं होतं,’’ एवढंच ती म्हणाली.

आमच्या हातात साधारण तीन आठवडे होते.

पहिली चूक मीच केली. घाईघाईने एक स्वेटर बादलीत भिजवला, भरपूर साबण, वर सुगंधी फॅब्रिक कंडिशनर. ओला असताना मस्त वास आला. दोन दिवसांनी वाळला, तर डांबर जसंच्या तसं, वर गुलाबाचा थर. नंतर वाचल्यावर उलगडा झाला. डांबरगोळी विरघळून नाही, तर हवेत उडून संपते. ती वाफ लोकरीच्या धाग्यांत जाऊन बसते. पाण्यात मात्र नॅप्थलीन जवळजवळ विरघळतच नाही, एका लिटरमध्ये जेमतेम तीस मिलिग्रॅम. म्हणजे ते जसं आत शिरलं तसंच बाहेर काढायचं, हवेने. धुणं त्यानंतर.

त्याआधी एक गंमत सांगते. गोळ्या नक्की कसल्या आहेत हे घरीच बघता येतं. ग्लासभर साध्या पाण्यात गोळी टाका. तरंगली तर बहुधा कापूर. बुडाली तर अर्धी वाटी कोमट पाण्यात तीन मोठे चमचे मीठ नीट विरघळवून त्यात टाका. त्यात तरंगली तर नॅप्थलीन. तिथेही बुडाली तर पॅराडायक्लोरोबेन्झीन, म्हणजे बाथरूममधल्या बऱ्याच सुगंधी वड्यांत असतं ते. आमची मिठाच्या पाण्यात वर आली. ग्लास मात्र नंतर पिण्यासाठी वापरू नका आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्यांना ती पेपरमिंट वाटते.

आता हवा. मुनिरक्यात तुम्ही आला असाल तर ठाऊक असेल, इथल्या गल्ल्यांत समोरच्या खिडकीतला चहा हात लांबवून घेता येईल. ऊन फक्त गच्चीवर. मालकांची परवानगी काढून पाण्याच्या टाक्यांच्या मधे दोरी बांधली. कपडे उलटे केले, खिसे आणि दुमडी मऊ ब्रशने झाडल्या, कारण गोळीचा बारीक चुरा तिथेच अडकतो आणि तेवढा राहिला तरी सगळी मेहनत वाया जाते. शाल घडी न घालता पसरून टाकली. सकाळी दोन-तीन तास ऊन, मग सावलीतला वारा. उन्हाच्या उबेने वास लवकर सुटतो, पण दिवसभर कडक उन्हात ठेवलं तर लोकरीचा रंग उडतो. चार वाजले की सगळं खाली, कारण दिवाळीच्या सुमारास दिल्लीत संध्याकाळी दव आणि धूर दोन्ही उतरतात. ज्या दिवशी हवा अगदीच करडी होती, त्या दिवशी कपडे खोलीत दोरीवर, पंखा चालू, खिडकी उघडी आणि आम्ही सगळे दुसऱ्या खोलीत.

आंटींनी ड्रायर सुचवला होता. ते टाळा. उष्णतेने नॅप्थलीनची वाफ एकदम सुटते, ती बंद जागेत कोंडणं बरं नाही, शिवाय लोकर आटते ती वेगळीच.

वास गेला की नाही हे आपल्या नाकाला विचारू नका. चार दिवसांत आम्हाला ट्रंकेचाही वास येईनासा झाला होता! त्यापेक्षा कपडा रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उबदार जागी ठेवा आणि सकाळी बाहेरून आलेल्या माणसाला पिशवी उघडून हुंगायला सांगा. आमचं ते माणूस म्हणजे दूधवाले भैया. पाचव्या दिवशी ते मागे सरकले, नवव्या दिवशी ‘‘थोड़ा-थोड़ा’’ म्हणाले, तेराव्या दिवशी त्यांनी शालीला पास केलं.

मग धुलाई. आईने आठ-दहा रिठे बिया काढून रात्रभर भिजवले, सकाळी कुस्करून गाळून घेतले. बादलीभर कोमट पाण्यात ते पाणी घालून शाल दहा मिनिटं बुडवली, न चोळता नुसती दाबली. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. व्हिनेगरने डांबराचा वास जातो असं बरेच जण सांगतात. माझ्या अनुभवात तसं नाही. लोकरीत राहिलेला साबण निघतो आणि ती मऊ होते, एवढंच. मग पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि आडवी पसरून वाळवायची. दोरीवर ओली लोकर आपल्याच वजनाने लांबते. वाळल्यावर पुन्हा पिशवी, पुन्हा दूधवाले भैया.

एक टोपडं आणि मी आधी भिजवलेला तो निळा स्वेटर मात्र सुधारले नाहीत. स्वेटरच्या आत अस्तर होतं, बहुधा वास तिथेच मुरला होता. ॲक्टिव्हेटेड चारकोलची पुडी ठेवून डब्यात आठवडाभर बंद करून पाहिला. वास कमी झाला, गेला नाही. दादा म्हणाला, ‘‘एवढुसा तर येतोय.’’ आईने काही न बोलता स्वेटर उचलून बाजूला ठेवला.

ट्रंकही रिकामी करून पुसून आठवडाभर गच्चीवर उघडी ठेवली, नाहीतर धुतलेले कपडे पुन्हा तोच वास धरतात. आता उन्हाळ्यात आम्ही गोळ्या टाकत नाही. कसरीला खरी ओढ असते ती घाम आणि अन्नाचे डाग लागलेल्या लोकरीची, म्हणून कपडे धुऊन, पूर्ण वाळवून घट्ट झिपच्या पिशव्यांत भरतो. आईने त्यात वाळलेला कडुलिंब घातलाच. त्याने कसर मरत नाही, हे तिला सांगून झालंय.

बाळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. हॉस्पिटलमधून घरी येताना ते आजीच्या शालीत होतं. निळा स्वेटर अजून गच्चीच्या जिन्यातल्या खिळ्याला टांगलेला आहे आणि आई फोनवर दर रविवारी विचारते, ‘‘हुंगलास का गं?’’